अंगठ्याखाली झाकलेला शब्द

माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका मुलीनं मागच्या महिन्यात सरावाची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. ती नोकरी सांभाळून केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या परीक्षेची तयारी करते. त्या परीक्षेत वाचन आणि भाषावापराच्या पेपरचा तिसरा भाग शब्दघडणीचा असतो. एक छोटा उतारा, त्यात आठ रिकाम्या जागा, आणि ज्या ओळीत जागा रिकामी आहे तिच्या शेवटी मोठ्या अक्षरांत छापलेला एक मूळ शब्द. त्या शब्दाला उपसर्ग लावून, प्रत्यय जोडून, कधी त्याचा स्वरच बदलून जागेत बसेल असं रूप लिहायचं. प्रत्येक जागेला एक गुण, आणि स्पेलिंग चुकलं तर तोही नाही. तिला आठांपैकी तीन मिळाले होते.

"मॅडम, मला हे सगळे शब्द येतात," ती म्हणाली. ते खरंही होतं. सक्सेसपासून सक्सेसफुल, सक्सेसफुली, सक्सीड ही सगळी रूपं तिनं समासात पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. त्यांतलंच एक उचलून जागेत टाकलं होतं आणि ते चुकलं होतं.

तो समास बघितला आणि मला माझी स्वतःची जुनी उत्तरपत्रिका आठवली. मीही असंच करत असे. छापलेला शब्द डोळ्यांत भरायचा, लगेच त्याची पिल्लावळ आठवायला लागायची आणि वाक्य वाचायच्या आत उत्तर तयार असायचं. एका परीक्षेत जिथे अनसक्सेसफुल हवं होतं तिथे मी सक्सेसफुल लिहून आले होते. पुढच्याच ओळीत त्या माणसाच्या अपयशाची हकीकत होती आणि मी ती ओळ वाचलीच नव्हती. त्या चुकीचं मला फार दिवस वाईट वाटत राहिलं, कारण तो शब्द मला लहानपणापासून येत होता.

म्हणून मी तिला एकच गोष्ट करायला सांगितली. ओळीच्या टोकाचा शब्द अंगठ्यानं झाकायचा आणि नुसतं वाक्य वाचायचं. इथे काय हवंय ते जागेलाच विचारायचं: नाम, विशेषण की क्रियाविशेषण? ते ठरलं की वाक्याचा अर्थ होकाराकडे झुकतो की नकाराकडे ते बघायचं. अंगठा त्यानंतरच उचलायचा.

ती बसली होती तिथेच मी एक उतारा लिहून काढला. साठीला आल्यावर पोहायला शिकायचं ठरवणाऱ्या एका माणसाची गोष्ट, पाच जागांची. त्या पाचही जागा इथे मांडते, कारण प्रत्येकीनं काहीतरी वेगळं शिकवलं.

दुसऱ्या जागेपासून सुरुवात करते, कारण ती सर्वांत सोपी दिसते. "द फर्स्ट लेसन वॉज ___, बट ही डिड नॉट गिव्ह अप." पहिला धडा असा असा झाला, पण त्यानं हार मानली नाही. अंगठ्याखाली सक्सेस आहे. जागेच्या आधी 'वॉज' आहे आणि 'अ' किंवा 'द' नाही, तेव्हा धडा कसा होता हे सांगणारं विशेषण हवं. इथवर तीही पोचली होती. तिचं पेन्सिलीतलं सक्सेसफुल व्याकरणानं अगदी चपखल बसतं. पण धडा छान झाला असता तर हार मानण्याचा प्रश्नच कुठून आला असता? तो 'बट' नकार मागतो. उत्तर अनसक्सेसफुल. या प्रकारच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात असा माझा अनुभव आहे, कारण शब्दाची जात जागेच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांवरून कळते, तर नकार अर्ध्या वाक्यापलीकडे, कधी पुढच्या वाक्यात दडलेला असतो. उपसर्गाची चाहूल जवळच्या शब्दांत लागत नाही. त्यासाठी पूर्ण उतारा एकदा तरी सलग वाचावा लागतो.

तिसरी जागा. "हिज टीचर स्टुड बिसाइड हिम ___, नेव्हर रेझिंग हर व्हॉइस." शिक्षिका त्याच्या शेजारी उभी राहिली, एकदाही आवाज न चढवता. जागा पुसून टाकून वाक्य वाचलं तरी ते पुरं वाटतं. ही चाचणी मला फार आवडते. जागा काढून टाकली आणि वाक्य लंगडं झालं, तर तिथे बहुधा नाम हवं असतं, किंवा 'वॉज'सारख्या क्रियापदानंतरचं विशेषण. काही बिघडलं नाही तर तिथे विशेषण असेल नाहीतर क्रियाविशेषण. मग जागेच्या उजवीकडे बघायचं. उजवीकडे नाम असेल आणि त्याचंच वर्णन चाललं असेल तर विशेषण. उजवीकडे विशेषणच असेल, किंवा वाक्यातली क्रिया कशी घडली ते सांगायचं असेल, तर क्रियाविशेषण. इथे उभं राहणं कसं होतं ते सांगायचंय. अंगठा उचलला तर खाली पेशंट. पेशंटली. आवाज चढवला नाही असं पुढेच म्हटलंय, म्हणून इम्पेशंटली नाही.

तिनं पेशंटच लिहिलं होतं. हे मला मराठी बोलणाऱ्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. आपण 'छान मुलगी' म्हणतो आणि 'ती छान गाते' असंही म्हणतो. 'शांत माणूस' आणि 'तो शांत बसला'. एकच रूप दोन्ही कामं करतं आणि आपल्या कानाला काही खटकत नाही. त्यामुळे इंग्रजीत क्रियेला चिकटणाऱ्या शब्दाचा शेवटचा 'ली' गळला तरी आपला कान आपल्याला सावध करत नाही. इथे कानावर विसंबून चालत नाही, जागा तपासावीच लागते. 'ली' दिसला की क्रियाविशेषण, हा नियमही आंधळेपणानं वापरता येत नाही. फ्रेंडली आणि लोनली ही विशेषणं आहेत. हार्डचं क्रियाविशेषण हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम किंवा जवळजवळ नाहीच. 'तो खूप कष्ट करतो' या अर्थानं 'ही वर्क्स हार्डली' लिहिलं तर तो जवळजवळ कामच करत नाही असा अर्थ होतो.

चौथ्या जागेनं तिला खरंच अडवलं. "व्हॉट ही लॅक्ड वॉज नॉट ___ बट करेज." त्याच्यात कमी होती ती अमुक गोष्टीची नव्हे, तर धाडसाची. अंगठ्याखाली स्ट्राँग. आधी 'वॉज' आहे, मग विशेषणच ना? दुसऱ्या जागेवर तसंच शिकलो होतो. पण 'नॉट' आणि 'बट' हे दोन तराजूचे काटे आहेत. एका पारड्यात करेज हे नाम पडलंय, तेव्हा दुसऱ्यातही नामच हवं. शिवाय माणसाजवळ कमी असते ती एखादी गोष्ट. म्हणजे शेजारचा एक शब्द पाहून निकाल देता येत नाही. 'वॉज' फक्त सुचवतं, ठरवतं ते वाक्याचं अख्खं बांधकाम. 'अँड', 'ऑर', 'नॉट... बट' अशा जोडणाऱ्या शब्दांच्या दोन्ही बाजू सहसा एकाच जातीच्या असतात आणि पुष्कळदा त्यातली एक बाजू उताऱ्यात आयती छापलेली असते.

नाम हवं इतकं कळल्यावर तिनं लिहिलं स्ट्राँगनेस. इथेही मला मराठीच ऐकू आली. आपला 'पणा' विलक्षण उदार प्रत्यय आहे. मोठेपणा, हट्टीपणा, शहाणपणा, वेंधळेपणा. ज्याला लावाल त्याला चिकटतो. त्याच्या जवळचा इंग्रजी प्रत्यय म्हणजे 'नेस', म्हणून आपण तोच सगळीकडे लावत सुटतो. काइंडनेस, डार्कनेस, हॅपिनेस या ठिकाणी तो बरोबर बसतो. पण इंग्रजीत नाम घडवण्याची एकच वाट नाही. स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ होतं, लाँगचं लेंग्थ, वाइडचं विड्थ, डीपचं डेप्थ. शेवटी 'टी-एच' येतो आणि आतला स्वरही बदलतो. ट्रूचं ट्रूथ, वॉर्मचं वॉर्म्थ. हायचं मात्र हाइट, शेवटी नुसता 'टी'. या घराण्याला आता नवे सभासद मिळत नाहीत. जुनेच थोडे शब्द आहेत, ते एका बैठकीत पाठ होतात, आणि ते पाठ करण्याला पर्याय नाही. कुठलं नाम 'मेंट' घेईल, कुठलं 'अन्स' आणि कुठलं 'इटी', हे तर्कानं नेमकं काढता येत नाही. काही मुलांना याचा राग येतो. मला तो समजतो. नियम सापडला की मन शांत होतं आणि इथे शांतता उशिरा मिळते.

एक लहानशी गोष्ट इथेच सांगते. नाम बरोबर निवडूनही गुण जातो, कारण ते एकवचनी लिहिलेलं असतं. जागेच्या आधी 'मेनी' किंवा 'सेव्हरल' असेल, किंवा पुढचं क्रियापद अनेकवचनी असेल, तर शेवटी 'एस' हवा. आणि नाम वस्तूचं की माणसाचं तेही बघायचं. कंपीटपासून कॉम्पिटिशनही होतं आणि कॉम्पिटिटरही. स्पर्धेत भाग घेतला कुणी, तर कॉम्पिटिटर्सनी.

आता पाचवी जागा. "देन वन मॉर्निंग, क्वाइट ___, द वॉटर हेल्ड हिम अप." मग एका सकाळी, अगदी कसं काय कोण जाणे, पाण्यानं त्याला उचलून धरलं. अंगठ्याखाली एक्स्पेक्ट. 'क्वाइट' आणि जागा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आहेत आणि दोन्ही मिळून पुसली तरी वाक्य उभं राहतं. पाण्यानं उचलून धरणं कसं घडलं ते सांगायचंय, म्हणजे क्रियाविशेषण. आतापर्यंत सगळे धडे फसलेले, म्हणजे नकार. पण एक्स्पेक्ट हे क्रियापद आहे आणि क्रियापदाला थेट 'ली' लागत नाही. तेव्हा पायऱ्या चढायच्या. एक्स्पेक्टचं आधी विशेषण, एक्स्पेक्टेड. मग त्याला नकार, अनएक्स्पेक्टेड. मग 'ली', अनएक्स्पेक्टेडली.

या पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम सांगते, कारण 'अन' हा उपसर्ग क्रियापदाला लागला तर त्याचा अर्थ बदलतो. अनहॅपी म्हणजे आनंदी नसलेला, पण अनलॉक म्हणजे कुलूप न लावणं नव्हे, लावलेलं कुलूप काढणं. विशेषणावर 'अन' नुसता नकार देतो, क्रियापदावर तो केलेलं काम उलटवतो. अनएक्स्पेक्ट असं क्रियापदच इंग्रजीत नाही, म्हणून तिथून सुरुवात केली तर माणूस अडकतो. आधी विशेषणापर्यंत पोचायचं, मग नकार द्यायचा. आणि 'मिस'ला नकार समजू नये. मिसअंडरस्टँड म्हणजे न समजणं नाही, चुकीचं समजणं. वाक्यात चूक झाल्याची खूण असेल तरच तो घ्यावा.

पहिली जागा मी शेवटी ठेवली होती. "हिज ___ टु फ्लोट हॅड ट्रबल्ड हिम सिन्स चाइल्डहुड." लहानपणापासून त्याला कसली तरी बोच होती, तरंगण्याशी संबंधित. अंगठ्याखाली एबल. आधी 'हिज' आहे, तेव्हा नाम. बोच म्हटल्यावर नकार. एबलचं नाम ॲबिलिटी, हे तिला आलं. तिनं लिहिलं अनॲबिलिटी. आणि मग वर बघून विचारलं, "मॅडम, अनेबल बरोबर आहे ना? मग अनॲबिलिटी का नाही?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो चुकीच्या उत्तरातून आलेला असला तरी विचार सरळ होता. एबलचा नकार अनेबल, पण ॲबिलिटीचा इनॲबिलिटी. हा एकटा अपवाद नाही. अनइक्वल पण इनइक्वॉलिटी. अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी. अनजस्ट पण इनजस्टिस. विशेषणाला 'अन', नामाला 'इन'. यामागे इतिहास आहे. 'अन' हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग, 'इन' लॅटिनमधून आलेला. 'इटी'सारखे प्रत्ययही लॅटिन आणि फ्रेंच वाटेनं आले. लॅटिन शेपटीच्या नामाला लॅटिन डोकं बरं दिसतं, म्हणून इनइक्वॉलिटी. विशेषण मात्र इंग्रजीत पुरतं मुरलं, त्यानं घरचा उपसर्ग घेतला. सगळे शब्द हे पाळत नाहीत. अनपॉप्युलर आणि अनपॉप्युलॅरिटी दोन्ही ठिकाणी 'अन'च आहे. म्हणून मी मुलांना सांगते, विशेषणाचा उपसर्ग नामावर तसाच नेऊ नका, नामाचा नकार स्वतंत्र पाठ करा.

तिला हे सांगताना मी एक शब्द कागदावर लिहिला: अज्ञात. इंग्रजीत अननोन. आपला नकाराचा 'अ' (स्वर पुढे आला की तोच 'अन्', जसं अनावश्यक), इंग्रजीचा 'अन' आणि लॅटिनचा 'इन' हे तिन्ही एकाच प्राचीन मुळाचे आहेत. आणि 'ज्ञा' आणि 'नो' हेही एकाच मुळाचे. म्हणजे अज्ञात आणि अननोन हे उपसर्गानंही आणि मुळानंही भाऊ आहेत. ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मी पहिल्यांदा हे वाचलं होतं तेव्हा माझंही तसंच झालं होतं.

आणि 'इन'चं रूप का बदलतं तेही मराठी माणसाला परकं नाही. पॉसिबलला 'इन' लागायला गेला की इम्पॉसिबल होतो, बॅलन्सला लागला की इम्बॅलन्स. संप म्हणताना आपण अनुस्वाराचा म् करतो आणि संत म्हणताना न्. ओठांची सोय तीच. लीगलचं इलीगल होतं, जसं तत् आणि लीन मिळून तल्लीन होतं. पुढचा 'ल' मागच्या व्यंजनाला आपल्यासारखा करून घेतो. रेग्युलरचं त्याच न्यायानं इररेग्युलर. म्हणूनच या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये अक्षर दोनदा येतं: इलीगलमध्ये दोन एल, इररेग्युलरमध्ये दोन आर, इम्मॅच्युअरमध्ये दोन एम. त्यातलं पहिलं उपसर्गाचं, दुसरं शब्दाचं. उपसर्ग लागताना शब्दाचं काही गळत नाही आणि काही वाढतही नाही. त्यामुळे अननेसेसरीच्या सुरुवातीला दोन एन (एक 'अन'चा, एक शब्दाचा), आणि डिसअपॉइंटमध्ये एकच एस, कारण अपॉइंटला स्वतःचा एस नाही. स्पेलिंग पाठ न करता असं सांधा उघडून बघितलं की चूक होत नाही. प्रत्ययाचं तसं नाही. तिथे शेवटचा वाय आय होतो, जसा हॅपीचा हॅपिनेस. कधी शेवटचा ई गळतो.

पण ओठांच्या सोयीचा हा नियम एवढंच सांगतो की 'इन' घेतला तर त्याचं रूप काय होईल. 'इन' घ्यायचा की 'अन' हे तो सांगत नाही. अनप्लेझंटमध्ये पुढे 'पी' असूनही 'अन' जागचा हलत नाही. अनलकी, अनरिलायबल यांतही तसाच राहतो. कितीतरी मुलं 'पी' दिसला की 'इम' लावतात आणि इम्प्लेझंट लिहून येतात.

त्या दिवसापासून तिनं एक वही केली आहे. पानावर पाच रकाने: क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि पाचवा नकारांचा. एका घराण्याला एक ओळ. पाचव्या रकान्यात ती विशेषणाचा नकार आणि नामाचा नकार वेगवेगळे लिहिते, आणि जिथे ते दोन निराळे निघतात तिथे खाली रेघ ओढते. जे रूप नाहीच तिथे ती आडवी रेघ मारते, जागा कोरी सोडत नाही. हे तिचं तिनंच ठरवलं. कोरी जागा बघितली की आपल्याला अजून शब्द सापडायचाय असं वाटतं. रेघ सांगते की शोधून झालंय.

परवा तिनं नवा उतारा सोडवला. मी समोर बसले होते. आधी तिनं अख्खा उतारा वाचला, हातात पेन न घेता. मग अंगठा ओळीच्या टोकावर ठेवून एकेका जागेपाशी थांबत गेली आणि समासात शब्दांऐवजी नुसती अक्षरं लिहीत गेली: ना, वि, क्रि, काहींपुढे उणेचं चिन्ह. आठही जागांची अशी खूण झाल्यावर तिनं अंगठा उचलला. सहाव्या जागेशी ती अडली. खाली रिस्पॉन्सिबल होतं, आणि खूण होती 'ना' आणि उणे. तिनं 'अन' लिहिलं, खोडलं, वहीकडे बघितलं, आणि वही न उघडताच लिहिलं इररिस्पॉन्सिबिलिटी. मग पेनाच्या टोकानं सुरुवातीचे दोन आर मोजले.